वाक्य तोडताना काय सांडते

सकाळी 7.15

कंपनीची बस हुणसूर रस्त्याने हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीकडे निघते, तोवर रात्रपाळी सुटलेली असते आणि रात्री काही घडले असेल तर त्याचा अहवाल माझ्या फोनवर आलेला असतो. आमचा एक कारखाना इथे म्हैसूरला आहे, दुसरा चाकणला. दोन्हीकडे पॅकिंगच्या लाईन सारख्याच आहेत, तेव्हा इथे ज्या जागी हात अडकला त्याच जागी तिथेही अडकू शकतो. म्हणून इथल्या प्रत्येक घटनेचा एक पानी मराठी अहवाल त्याच दिवशी चाकणला जातो. तिथे पाळी सुरू होण्याआधी, सगळे उभे असताना, टूलबॉक्स टॉकमध्ये तो मोठ्याने वाचतात. ते पान मी लिहिते.

मूळ अहवाल पाळी-प्रमुख लिहितो. फॉर्मवर ‘घटनेचे वर्णन’ असा एकच चौकोन असतो, पाळी संपत आलेली असते, आणि जे घडले ते तो एका दमात लिहून काढतो. आजचा अहवालही एका वाक्याचा आहे. मराठीत तो असा उतरतो:

‘ऑपरेटरच्या सांगण्यानुसार रात्रपाळीत अंदाजे 2.40 वाजता कन्व्हेयर क्रमांक 3 वर बॉक्स अडकल्याने लाईन थांबवून फिटरला बोलावण्यात आले असता तो गार्ड काढून अडकलेला बॉक्स काढत असताना दुसऱ्या टोकाच्या पॅनेलवरून लाईन चालू करण्यात आल्याने त्याचा उजव्या हाताचा मोजा रोलरमध्ये ओढला जाऊन तर्जनीला दुखापत झाली व त्याने लगेच पुल-कॉर्ड ओढल्याने लाईन थांबून मोठा अनर्थ टळला असून सदर पॅनेलवर टॅग नसल्याचे निदर्शनास आले व प्रथमोपचार करून त्याला कामावर परत पाठवण्यात आले.’

हे वाक्य वाचताना घटना समजल्यासारखी वाटते. पण ते वाचून दाखवले आणि लगेच ‘पुल-कॉर्ड कोणी ओढली?’ असे विचारले, तर ऐकणाऱ्यांची उत्तरे वेगवेगळी येतील. पुल-कॉर्ड म्हणजे कन्व्हेयरच्या कडेने ताणलेली दोरी. ती कुठूनही ओढली की पट्टा थांबतो.

सकाळी 8.00

टेबलावर बसल्यावर पहिला तास मी एकही वाक्य लिहीत नाही. आधी यादी करते. अहवालाची छापील प्रत घेऊन, जिथे एक माहिती संपते तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारत जाते, आणि रेघांमधल्या तुकड्यांना क्रमांक देते. आजच्या वाक्यात असे पंधरा तुकडे निघतात:

1. हे ऑपरेटरने सांगितले आहे.
2. रात्रपाळी, अंदाजे 2.40.
3. कन्व्हेयर क्रमांक 3 वर बॉक्स अडकला.
4. लाईन थांबवली.
5. फिटरला बोलावले.
6. गार्ड काढला.
7. अडकलेला बॉक्स काढणे चालू होते.
8. दुसऱ्या टोकाच्या पॅनेलवरून लाईन चालू केली गेली.
9. उजव्या हाताचा मोजा रोलरमध्ये ओढला गेला.
10. तर्जनीला दुखापत झाली.
11. पुल-कॉर्ड लगेच ओढली गेली.
12. लाईन थांबली.
13. पॅनेलवर टॅग नसल्याचे दिसले.
14. प्रथमोपचार झाले.
15. कामावर परत पाठवले.

‘मोठा अनर्थ टळला’ या यादीत नाही. ती माहिती नाही, लिहिणाऱ्याचे मत आहे. ते मी खोडत नाही, बाजूला काढून ठेवते. ‘अंदाजे’ मात्र यादीत आहे, आणि ‘लगेच’ही. घाईने वाक्य आखूड करताना असेच शब्द आधी गळतात, कारण त्यांच्यावाचूनही वाक्य व्याकरणात बसते. ‘अंदाजे’ गेले की 2.40 ही घड्याळात पाहून केलेली नोंद ठरते. मग कन्व्हेयरच्या कंट्रोलरमधली वेळ 2.46 निघाली, तर ऑपरेटर खोटे बोलला असे कोणीतरी म्हणते.

ही यादी मी शेवटपर्यंत जवळ ठेवते. संध्याकाळी पान तपासायचे ते हिच्याशीच.

सकाळी 8.45

पाळी-प्रमुख झोपण्याच्या आत त्यांना फोन करावा लागतो. फोन करण्याआधी दुसरी यादी होते, सांध्यांची. लांब वाक्यात माहितीचे तुकडे कुठल्या तरी रूपाने जोडलेले असतात, आणि ती जोडणीही काही सांगत असते. ‘असताना’ म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. ‘अडकल्याने’ म्हणजे एकामुळे दुसरे झाले. मराठीतला सगळ्यात निसरडा सांधा म्हणजे ‘ऊन’. ‘लाईन थांबवून फिटरला बोलावले’ यात फक्त क्रम आहे, आधी हे आणि मग ते. ‘मोजा ओढला जाऊन दुखापत झाली’ यात कारण आहे. ‘प्रथमोपचार करून परत पाठवले’ यात पुन्हा क्रम. एकच प्रत्यय एकाच वाक्यात वेगवेगळी कामे करतो. वाक्य तोडले की प्रत्यय जातो. त्याच्या जागी ‘मग’ ठेवायचे, ‘त्यामुळे’ ठेवायचे की ‘त्याच वेळी’, हे ठरवावेच लागते. काहीच न ठेवता नुसता पूर्णविराम दिला, तर पंधराच्या पंधरा तुकडे पानावर राहतात आणि तरी घटना हरवते.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कुठे विचारायचे ते आपोआप दिसते. जिथे क्रिया आहे पण करणारा नाही, आणि जिथे ‘तो’, ‘त्याने’ किंवा ‘सदर’ कोणाकडे बोट दाखवतो ते ठरत नाही, तिथे प्रश्न उभा राहतो.

‘सर, लाईन कोणी थांबवली आणि कशाने?’

‘ऑपरेटरने. स्टॉप बटणाने.’

‘आयसोलेटर बंद केला होता?’

ते थोडे थांबतात. ‘नाही. फक्त स्टॉप बटण.’

‘दुसऱ्या टोकाहून चालू कोणी केली?’

‘पॅकिंगच्या हेल्परने. लाईन थांबलेली दिसली, त्याला वाटले बॉक्स निघाला.’

‘आणि पुल-कॉर्ड? फिटरने ओढली ना?’

‘नाही मॅडम, फिटरचा हात आत होता. ऑपरेटरने ओढली.’

अहवालातल्या ‘त्याने’चा सरळ अर्थ फिटर असाच लागत होता. ‘त्याचा मोजा’, ‘त्याने ओढली’, ‘त्याला परत पाठवले’ ही तिन्ही सर्वनामे एकाच माणसाची वाटतात. मधले दुसऱ्याचे निघाले. यातून चाकणला शिकायचा धडा बदलतो. फिटरने स्वतः कॉर्ड ओढली असेल, तर कॉर्ड त्याच्या हाताच्या टप्प्यात होती असा अर्थ होतो. ऑपरेटरने ओढली असेल, तर दुसरा माणूस तिथे उभा होता म्हणून लाईन थांबली.

शेवटचा प्रश्न टॅगचा. तो कोणी पाहिला, कधी आणि कुठल्या पॅनेलवर? स्वतः पाळी-प्रमुखांनी, दुखापतीनंतर तिथे पोचल्यावर, दुसऱ्या टोकाच्या पॅनेलवर. म्हणजे 2.40 ला टॅग नव्हता असे अहवाल म्हणतच नाही. ते आले तेव्हा नव्हता, एवढेच त्यांनी पाहिले. मी विचारते, ‘टॅग लावलाच नव्हता, असे फिटर म्हणाला का?’ उत्तर येते, ‘ते मी विचारले नाही.’ मग तेही पानावर तसेच जाणार.

सकाळी 10.00

मी लाईनवर जाऊन दोन्ही पॅनेल पाहते. दुसऱ्या टोकाच्या पॅनेलपाशी उभे राहिले की बॉक्स अडकला होता ती जागा दिसत नाही. मध्ये स्ट्रॅपिंग मशीन येते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, पण ती ऑपरेटरने सांगितलेली नाही आणि पाळी-प्रमुखांच्या अहवालातही नाही. म्हणून ती घटनेच्या वर्णनात घुसवायची नाही. खाली वेगळ्या शीर्षकाखाली, ‘सकाळी पाहणीत दिसले’ असे म्हणून लिहायची.

फोनवर मिळालेल्या उत्तरांनाही हाच नियम. अहवालातली पोकळी भरताना भर कुठून आली ते सांगितले नाही, तर तपासाच्या बैठकीत कोणाला काय विचारायचे तेच कळेनासे होते.

प्रथमोपचार खोलीत रजिस्टर पाहते. अहवालात नुसते ‘तर्जनी’ आहे. मोजा उजव्या हाताचा, म्हणजे बोटही उजव्याच हाताचे, असा तर्क सहज होतो आणि तो बरोबरच निघेल असे वाटते. तरी रजिस्टर बघितल्याशिवाय मी ‘उजव्या’ हा शब्द दुसऱ्या वाक्यात नेत नाही. रजिस्टरमध्ये आहे: उजवी तर्जनी, खरचटले व सूज, 3.20 ला कामावर परत.

सकाळी 11.00

आता लिहिणे. यादी आणि सांधे समोर असले की हा भाग लवकर होतो.

ऑपरेटरने सांगितले:
रात्रपाळीत अंदाजे 2.40 वाजता कन्व्हेयर क्रमांक 3 वर बॉक्स अडकला. त्यामुळे लाईन थांबवली आणि फिटरला बोलावले. फिटरने गार्ड काढला. मग तो अडकलेला बॉक्स काढू लागला. तो बॉक्स काढत असतानाच कोणीतरी दुसऱ्या टोकाच्या पॅनेलवरून लाईन चालू केली. त्यामुळे फिटरचा उजव्या हाताचा मोजा रोलरमध्ये ओढला गेला. त्यात त्याच्या तर्जनीला दुखापत झाली. लगेच पुल-कॉर्ड ओढली गेली आणि लाईन थांबली.

पाळी-प्रमुखाने नंतर पाहिले:
दुसऱ्या टोकाच्या पॅनेलवर टॅग नव्हता. घटनेच्या वेळी टॅग होता की नाही, हे अजून फिटरला विचारलेले नाही.

पाळी-प्रमुखाने फोनवर सांगितले:
लाईन ऑपरेटरने थांबवली होती. ती स्टॉप बटणाने थांबवली होती, आयसोलेटर बंद केला नव्हता. लाईन पुन्हा चालू केली ती पॅकिंगच्या हेल्परने. बॉक्स निघाला असे त्याला वाटले. पुल-कॉर्ड ऑपरेटरने ओढली.

प्रथमोपचार रजिस्टर:
उजवी तर्जनी, खरचटले व सूज. प्रथमोपचार केले. फिटर 3.20 वाजता कामावर परत.

सकाळी पाहणीत दिसले:
दुसऱ्या टोकाच्या पॅनेलपासून बॉक्स अडकलेली जागा दिसत नाही. मध्ये स्ट्रॅपिंग मशीन आहे.

यातल्या काही निवडी सांगते, कारण सारा प्रश्न त्यांचाच आहे.

लांब वाक्याच्या सुरुवातीला एकदाच आलेले ‘ऑपरेटरच्या सांगण्यानुसार’ शेवटपर्यंत पुरत होते, निदान तसे वाटत होते. वाक्याचे आठ तुकडे केले की ते पहिल्याच तुकड्याला चिकटून राहते आणि बाकीचे सात कारखान्याचे म्हणणे होऊन बसतात. म्हणून सांगणाऱ्याप्रमाणे गट केले. टॅग आणि प्रथमोपचार या गोष्टी ऑपरेटरने सांगितलेल्याच नव्हत्या. मूळ वाक्यात त्या त्याच्या तोंडी गेल्या होत्या.

‘लाईन चालू करण्यात आली’ हे कोणी सोपे करायला घेतले की हमखास ‘लाईन चालू झाली’ असे होते. शब्द कमी होतात, पण माणसाचा हातही जातो. ‘चालू झाली’ वाचणारा कंट्रोल सर्किटमध्ये दोष शोधायला जाईल. अहवालाला करणारा माहीत नव्हता, पण कोणीतरी चालू केली एवढे त्यात होते. म्हणून ऑपरेटरच्या भागात ‘कोणीतरी’ ठेवले आणि हेल्पर पुढच्या भागात आला. त्याचे नाव पानावर नाही, काम आहे. हे पान दुसऱ्या कारखान्यात मोठ्याने वाचले जाणार आहे. तिथल्या लोकांना पॅनेलपाशी काम करणारा माणूस कोणत्या कामाचा होता हे कळणे गरजेचे आहे, त्याचे नाव नाही.

एके ठिकाणी मी वाक्य तोडले नाही: ‘ती स्टॉप बटणाने थांबवली होती, आयसोलेटर बंद केला नव्हता.’ या दोन अर्ध्यांचा अर्थ एकमेकांत आहे. लाईन थांबलेली होती, पण तिची वीज तोडलेली नव्हती. दोन वाक्ये केली, तर वाचताना मध्ये श्वास घेतला जातो आणि दुसरे वाक्य पहिल्याशी न जुळता पुढच्याला लागते. अटीचे आणि अपवादाचे तसेच आहे. ‘आयसोलेटरला स्वतःचे कुलूप लावल्यावरच गार्ड काढायचा’ ही सूचना दोन वाक्यांत केली, तर ‘कुलूप लावायचे’ आणि ‘गार्ड काढायचा’ ही दोन सुटी कामे उरतात आणि ‘वरच’ मध्येच गळतो. तोडणे म्हणजे एका वाक्यात एकच घडामोड ठेवणे. जिथे दोन गोष्टींमधले नाते हीच माहिती असते, तिथे त्या दोन्ही एकत्रच राहतात.

दुपारी 12.45

जेवताना सुरक्षा अधिकारी विचारतात, ‘फिटर आज रात्री येतोय ना?’ पानाच्या शेवटी आलेली ‘कामावर परत’ ही ओळ सांत्वनासारखी वाटते, पण तिच्यावर बरेच अवलंबून असते. 1948 च्या कारखाना कायद्यापासून एक मर्यादा चालत आली आहे: दुखापतीमुळे माणूस 48 तास किंवा जास्त काम करू शकला नाही, तर सरकारी निरीक्षकाला कळवावे लागते. 3.20 ला परतलेला माणूस उद्या बोट सुजले म्हणून घरी थांबला, तर हिशेब बदलतो. म्हणूनच ‘प्रथमोपचार करून परत पाठवले’ एवढ्यावर न थांबता 3.20 ही वेळ वेगळी लिहिली. ती रजिस्टरमध्ये होती, पण वाक्याने ती मागितली नव्हती.

दुपारी 2.30

आठवड्यातून एका दुपारी पाळी-प्रमुख आणि सुपरवायझर यांच्यासोबत बसते. वर्ग कन्नड आणि हिंदी मिसळून चालतो. आपल्याच कारखान्याचा अहवाल घेतला की कोणाची चूक यावर बोलणे जाते, म्हणून आज रेल्वेचा एक निष्कर्ष घेतला आहे.

2 जून 2023 ला ओडिशात बालासोरजवळ, बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर मागून आदळली. 290 हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचा निष्कर्ष त्या जुलैत संसदेत सांगितला गेला. तो अवघ्या दोन वाक्यांचा होता, आणि दुसरे वाक्य तर खूपच लांब. त्याची माहिती मी फळ्यावर मांडते आणि त्यांना तोडायला सांगते. साधारण असे निघते:

स्थानकाच्या उत्तर सिग्नल गुमटीत पूर्वी सर्किटमध्ये बदल केले होते. त्या कामात त्रुटी राहिल्या. फाटक क्रमांक 94 चा इलेक्ट्रिक लिफ्टिंग बॅरियर बदलण्याचे काम झाले. त्याच्याशी संबंधित सिग्नलच्या कामातही त्रुटी राहिल्या. या त्रुटींमुळे गाडी क्रमांक 12841 ला चुकीचा सिग्नल मिळाला. अप होम सिग्नल हिरवा होता, म्हणजे गाडीने अप मेन लाईनवरून सरळ जायचे होते, पण क्रॉसओव्हर 17 ए/बी अप लूप लाईनकडे लावलेला होता. त्यामुळे गाडी लूप लाईनवर गेली. तिथे मालगाडी उभी होती. गाडी तिच्यावर मागून आदळली.

वर्गातल्या निम्म्या कागदांवर पहिली चार वाक्ये एकाच वाक्यात मिटलेली असतात: ‘फाटकाच्या कामात चूक झाली.’ मूळ वाक्यात ‘पूर्वी’ आणि ‘काम चालू असताना’ हे दोन काळ एका ‘आणि’ने जोडलेले आहेत. तो ‘आणि’ तोडताना मागचा काळ सहज गळतो, कारण ताजी गोष्ट डोळ्यांसमोर असते. पण तो गळला की दोष फक्त त्या दिवशी काम करणाऱ्यांचा ठरतो, आणि आधीपासून सर्किटमध्ये राहिलेली त्रुटी कोणी शोधत नाही. बाकी स्थानकांवर काय तपासायचे, हे त्या एका शब्दावर अवलंबून आहे.

दुसरी जागा हिरव्या सिग्नलची. एका सुपरवायझरने ‘सिग्नल हिरवा होता’ आणि ‘क्रॉसओव्हर लूपकडे होता’ यांच्यामध्ये आणखी दोन वाक्ये घातली आहेत. मी त्यांना ती दोन्ही एकाखाली एक ठेवून वाचायला सांगते. सिग्नल एक मार्ग सांगतो आणि रूळ दुसरीकडे नेतो. इंटरलॉकिंग असते ते हे दोन्ही कधी वेगळे होऊ नयेत म्हणूनच. अपघात त्या ‘पण’मध्ये आहे.

मग म्हैसूरची गोष्ट येते, कारण बालासोरच्या चार महिने आधी अशा धोक्याचा इशारा इथल्याच विभागातून गेला होता. 8 फेब्रुवारी 2023 ला दक्षिण पश्चिम रेल्वेच्या म्हैसूर विभागात, बिरूर आणि चिक्कजाजूर यांच्यामधल्या होसदुर्ग रोड स्थानकात संपर्क क्रांती एक्सप्रेस चुकीच्या मार्गावर जाण्याच्या बेतात होती. लोको पायलटच्या लक्षात आले आणि त्याने गाडी थांबवली. कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी झोनच्या प्रमुख मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहून कळवले की, पॅनेलवर मार्ग बरोबर दिसत असताना आणि त्या सिग्नलवर गाडी निघाल्यानंतर मार्ग बदलतो, ही यंत्रणेतली गंभीर त्रुटी आहे आणि ती लगेच सुधारली नाही तर पुन्हा घडून मोठे अपघात होऊ शकतात.

वर्गात आम्ही या इशाऱ्याचे तीन टप्पे करतो. पॅनेलवर मार्ग बरोबर दिसला. त्या सिग्नलवर गाडी निघाली. त्यानंतर मार्ग बदलला. तिसऱ्या वाक्यातला ‘त्यानंतर’ काढून पाहा, असे मी सांगते. मग उरते ते ‘मार्ग चुकीचा लागला’, म्हणजे मार्ग लावणाऱ्याची चूक. ‘त्यानंतर’ असेल तर मार्ग लावणाऱ्याने सगळे बरोबर केले आणि यंत्रणेने ते मागाहून बदलले. एका शब्दाने चौकशी माणसाकडून यंत्रणेकडे वळते. घड्याळातली वेळ दिली नाही तरी चालेल, क्रम सुटता कामा नये.

दुपारी 4.30

सकाळच्या पानाची तपासणी आता, मध्ये काही तास गेल्यावर. ती मी स्वतः करत नाही. मला घटना माहीत असल्यामुळे पानावर नसलेलेही मला दिसते. म्हणून स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याला फक्त नवे पान देते. तो मूळचा बेळगावचा, मराठी सहज वाचतो, आणि त्याने मूळ अहवाल पाहिलेला नाही. माझ्या हातात सकाळची पंधरा तुकड्यांची यादी असते. मी एकेक तुकडा प्रश्नाच्या रूपात विचारते आणि तो पानावरून उत्तर देतो. सांध्यांचेही प्रश्न असतात: गार्ड आधी काढला की लाईन आधी थांबवली? लाईन चालू केली गेली तेव्हा फिटर काय करत होता? टॅग नव्हता हे कोणी आणि केव्हा पाहिले?

पंधराही उत्तरे मिळतात. एका उत्तराला तो अडखळतो. ‘लाईन पुन्हा चालू केली ती पॅकिंगच्या हेल्परने. बॉक्स निघाला असे त्याला वाटले.’ असे त्याला का वाटले? पाळी-प्रमुखांनी फोनवर कारण सांगितले होते, लाईन थांबलेली दिसली म्हणून. ते वाक्यात आले नव्हते. मी भर घालते: ‘लाईन थांबलेली पाहून, बॉक्स निघाला असे त्याला वाटले.’ आता पाहणीतल्या ओळीशी त्याचा संबंध लागतो. त्याला थांबलेली लाईन दिसत होती, फिटर दिसत नव्हता.

हे पान मूळ वाक्यापेक्षा मोठे झाले आहे. ते व्हायचेच. नावे पुन्हा लिहावी लागतात, करणारे पुढे आणावे लागतात, सांगणारे वेगळे करावे लागतात. पान आखूड करायचा हुकूम आला की मी वाक्ये कमी करत नाही, विशेषणे आणि मते काढते. ‘मोठा अनर्थ टळला’ तसेच गेले. किती मोठा, ते कोणालाच माहीत नव्हते.

संध्याकाळी 5.45

पान चाकणला गेले. तिथे दुपारची पाळी चालू आहे, आणि तिथल्या पॅकिंगमधल्या एका ताईंनी चहाच्या सुट्टीतच ते वाचून घेतले. त्यांचा फोन येतो.

‘ताई, एक विचारायचं होतं. ऑपरेटरनं स्टॉप बटण दाबलं, आयसोलेटर नाही, असं लिहिलंय. पण गार्ड काढायला गेलेल्या फिटरनं आयसोलेटर का बंद केला नाही? ते पानात नाही.’

नाही, ते पानात नाही, कारण ते अजून कोणाला माहीतच नाही. रात्रीच्या एका लांब वाक्यात लाईन ‘थांबवून’ फिटरला बोलावले होते, आणि त्या ‘थांबवून’च्या आत स्टॉप बटण आणि आयसोलेटर यांच्यातला फरक दडला होता. वेगळे वाक्य मिळाल्यावर तो दिसला, आणि इथून आठशेहून अधिक किलोमीटरवर उभ्या असलेल्या बाईने बरोबर त्याच जागी बोट ठेवले. प्रश्न लिहून घेते, विचारणाऱ्याच्या जागी ‘चाकण, पॅकिंग’ असे नोंदवते, आणि उद्या सकाळच्या तपास बैठकीच्या यादीत तो सगळ्यात वर ठेवते. आज रात्री फिटर कामावर आला की पाळी-प्रमुखांनी त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: टॅग लावला होता का, आणि आयसोलेटर का बंद केला नाही. उत्तरे त्याच्याच शब्दांत, एका वाक्यात एकच गोष्ट, अशी लिहून पाठवा, एवढे मी त्यांना कळवते.